कन्फ्यूशियस आणि ताओ: ‘धर्म आहे की नाही’ हा प्रश्न मुळात आला कुठून

पूर्व आशियातल्या धर्मांवर लिहायला बसलं की पहिल्याच पानावर हा प्रश्न येतो आणि बहुतेक जण थेट व्याख्या शोधायला लागतात, देव आहे का, ग्रंथ आहे का, पुरोहित आहेत का. माझं म्हणणं असं की आधी हा प्रश्न कोणी आणि कशासाठी विचारला ते बघा, कारण प्रत्येक वेळी उत्तर विचारणाऱ्याच्या गरजेप्रमाणे बदललंय.

सुरुवात मात्तेओ रिची या इटालियन जेझुइटपासून, म्हणजे जेझुइट या कॅथलिक संघाच्या मिशनऱ्यापासून. हा 1578 मध्ये गोव्याला आला, तिथं शिकला आणि 1582 मध्ये चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावला गेला. चीनमध्ये पाय रोवायचा तर शिकलेल्या अधिकारीवर्गाला जवळ करायला हवं हे त्याने ओळखलं, आणि हे लोक तर कन्फ्यूशियसच्या मंदिरात नमस्कार करणारे, घरात पूर्वजांसमोर धूप लावणारे. हा ‘धर्म’ मानला तर ख्रिस्ती होणाऱ्याला सगळं सोडावं लागणार, म्हणून रिचीने मांडलं की हा नागरी रिवाज आहे, गुरूचा आणि वाडवडिलांचा मान राखणं एवढंच. ताओ आणि बौद्ध परंपरेला मात्र त्याने सरळ मूर्तिपूजेत टाकलं. कन्फ्यूशियस म्हणजे तत्त्वज्ञान आणि ताओ म्हणजे अंधश्रद्धा, ही वाटणी पुढे कितीतरी पुस्तकांत टिकली.

डोमिनिकन आणि फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघांच्या मिशनऱ्यांना हे पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांनी जे डोळ्यांनी पाहिलं तेही खोटं नव्हतं. पूर्वजांची लाकडी पाटी घ्या. तिच्यावर मृताचं नाव आणि ‘आत्म्याचं आसन’ अशा अर्थाची अक्षरं, शेवटच्या अक्षरावरचा ठिपका मुद्दाम गाळलेला, तो विधी करून भरायचा की मग पाटी ‘जागी’ होते, पुढे अन्न ठेवायचं, लोटांगण घालायचं. याला निव्वळ आदर म्हणायचं की पूजा? 1704 मध्ये रोमने निकाल दिला की हे विधी ख्रिस्त्यांना बंद, पण नुसतं नाव असलेली पाटी चालेल, आसनाची अक्षरं नकोत. म्हणजे एकाच लाकडावर दोन-तीन अक्षरं असली तर धर्म, नसली तर कौटुंबिक आठवण!

खुद्द चीनच्या कांगशी सम्राटाने 1700 मध्ये जेझुइटांच्या बाजूने लिहून दिलं होतं की हे विधी नागरीच आहेत. 1706 मध्ये विरोधी बाजूचा बिशप मेग्रो त्याच्यासमोर आला तेव्हा सम्राटाने सिंहासनामागची चार अक्षरं वाचायला सांगितली, त्याला एकच ओळखता आलं. ज्याला अक्षरं येत नाहीत तो आमच्या रिवाजांचा अर्थ ठरवणार, यावर कांगशी भडकला आणि मला तरी त्याचा राग रास्त वाटतो. 1715 मध्ये पोपने बंदी पुन्हा पक्की केली, 1721 मध्ये कांगशीने ख्रिस्ती प्रचारच थांबवायचा हुकूम काढला. रोमने बंदी सैल केली ती थेट 1939 मध्ये.

एकोणिसाव्या शतकात प्रश्न मिशनऱ्यांकडून प्रोफेसरांकडे गेला. प्राच्यविद्येचा अभ्यासक मॅक्स म्युलर याच्या पौर्वात्य धर्मग्रंथमालेत चिनी भाषेचा अभ्यासक जेम्स लेगने दोन्ही परंपरांचे ग्रंथ भाषांतरित केले, आणि मालेत आलं म्हणजे धर्म, असं आपोआप ठरून गेलं. ताओचं तर आणखी वाईट झालं, या परंपरेचा आद्य गुरू मानलेल्या लाओत्सेचं छोटं पुस्तक तेवढं ‘खरं’ आणि पुरोहितांचे विधी ही नंतरची घसरण असं मानायची सवय लागली. खरं तर दुसऱ्या शतकापासून त्यांच्याकडे दीक्षा घेतलेले पुरोहित आहेत, आजारासाठी पापकबुली आहे, 1445 मध्ये छापलेला प्रचंड ग्रंथसंग्रह आहे. म्हणजे धर्माच्या पाश्चात्त्य साच्यात ताओ पुष्कळच बसतो, अडतं ते भक्तांच्या बाजूने, कारण घरात कोणी वारलं की लोक ताओ पुरोहिताला बोलावतात, बौद्ध भिक्षूंनाही बोलावतात आणि दुखवटा कन्फ्यूशियस परंपरेने पाळतात, कोणी कुठल्या एका धर्माचा सभासद नसतो. कन्फ्यूशियसचं उलटं, तिथं वेगळा पुरोहितवर्गच नाही, यज्ञ करायचा तो सम्राट, अधिकारी किंवा घरातला कर्ता. कुटुंब आणि राज्यापासून वेगळी काढता येईल अशी संस्थाच नाही, आणि साच्याला नेमकी तीच लागते.

विसाव्या शतकात सरकारांना यादी करायची वेळ आली. सुधारणावादी विचारवंत कांग योवेईच्या अनुयायांनी 1913 मध्ये कन्फ्यूशियसमत हा राज्यधर्म व्हावा म्हणून जोर लावला, जमलं नाही. पुढे कम्युनिस्ट चीनने पाच धर्म मानले, त्यात ताओ आहे आणि कन्फ्यूशियस नाही, रिचीची वाटणीच जणू, फक्त कारणं वेगळी.

इंडोनेशियात तर परंपरेनेच साच्याप्रमाणे स्वतःला घडवलं. 1965 मध्ये तिथं कन्फ्यूशियसमताचं नाव मान्य धर्मांत आलं, हुकूमशहा सुहार्तोच्या काळात गेलं, आणि बऱ्याच चिनी वंशाच्या लोकांनी ओळखपत्रावर बौद्ध किंवा ख्रिस्ती असं लिहून घेतलं. 2000 मध्ये राष्ट्राध्यक्ष अब्दुररहमान वाहिद यांनी जुनी बंधनं उठवली आणि 2006 मध्ये मान्यता पुन्हा मिळाली. या सगळ्या काळात तिथल्या अनुयायांनी स्वर्गाला एकमेव देव म्हटलं, परंपरेतल्या चार प्रमुख ग्रंथांना धर्मग्रंथ म्हटलं, कन्फ्यूशियसला ‘नबी’ म्हटलं. हे लोक मनापासून प्रार्थना करतात, त्यांना तुम्ही खरे कन्फ्यूशियसवाले नाही असं म्हणायचा हक्क बीजिंगच्या यादीला नाही आणि युरोपच्या व्याख्येलाही नाही.