सव्वातीन टक्क्यांचा कालवा: वटाव दराच्या भांडणाची पार्श्वभूमी

सार्वजनिक प्रकल्पाचा खर्च आज होतो आणि फायदा पुढची पन्नास-शंभर वर्षे थोडाथोडा येत राहतो. दोन्हींची तुलना करायची तर उद्याचा पैसा आजच्या किमतीत आणावा लागतो. त्यासाठी दरवर्षी जी कपात धरतात तो वटाव दर, म्हणजे डिस्काउंट रेट. हा दर किती असावा यावर जगात सर्वाधिक काळ आणि सर्वाधिक उघडपणे भांडण झाले ते अमेरिकेत, धरणे आणि कालव्यांवरून.

सुरुवात १९३६च्या पूरनियंत्रण कायद्यापासून धरता येते. फायदा कोणाच्याही पदरात पडो, तो अंदाजित खर्चापेक्षा जास्त असला तरच संघ सरकारने कामात पडावे, असे या कायद्याने म्हटले. कल्पना याहून जुनी होती. पूल-रस्त्यांची समाजाला होणारी उपयुक्तता मोजण्याचा प्रयत्न ज्यूल द्युप्युई या फ्रेंच अभियंत्याने १८४४मध्येच केला होता. पण सरकारी कामासाठी ती कायद्यातली अट झाली ती अमेरिकेत. कायद्याने वटाव दर मात्र सांगितला नाही. लष्कराचे अभियंता दल धरणे बांधायचे, ब्युरो ऑफ रेक्लमेशन हे सिंचनाचे खातेही बांधायचे, आणि दोघांच्या हिशेबाच्या पद्धती वेगळ्या होत्या. १९५०मध्ये आंतरविभागीय समितीने ‘ग्रीन बुक’ या नावाने ओळखली जाणारी पुस्तिका काढून पद्धती जुळवायचा प्रयत्न केला, पण खाती काही एका वाटेने चालली नाहीत.

दराने निकाल कसा फिरतो ते एका काल्पनिक प्रकल्पावर पाहू. आज १० कोटी डॉलर खर्च, आणि पुढच्या वर्षापासून ५० वर्षे दरवर्षी ५० लाख डॉलरचा फायदा. नुसती बेरीज केली तर फायदा २५ कोटी होतो. ३.२५ टक्के दर लावला की त्या फायद्याचे आजचे मूल्य साधारण १२.३ कोटी भरते, म्हणजे प्रकल्प पास. ४.८७५ टक्क्यांना ते ९.३ कोटींवर येते आणि प्रकल्प नापास होतो. ७ टक्क्यांना ६.९ कोटी, १० टक्क्यांना पाच कोटींहूनही किंचित कमी. धरण तेच, पाणी तेच, अंदाजही तेच. बदलला फक्त दर, आणि उंबरठा आहे ४.४ टक्क्यांच्या आसपास. पन्नासाव्या वर्षी येणारे १०० डॉलर सव्वातीन टक्क्यांना आजचे २० डॉलर असतात, तर दहा टक्क्यांना ८५ सेंट. त्यामुळे ज्याचा फायदा उशिरा येतो त्या प्रकल्पाला चढ्या दराचा मार सर्वांत जास्त बसतो.

१९६२मध्ये जलप्रकल्पांसाठी सूत्र ठरले: सरकारच्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांवर छापलेल्या व्याजाची, म्हणजे कूपनची, सरासरी घ्यायची. ऐकायला हे निरुपद्रवी वाटते. खोच अशी होती की दीर्घ मुदतीच्या रोख्यांवर सव्वाचार टक्क्यांहून जास्त व्याज देण्यास सरकारला कायद्याने मनाई होती. १९६५नंतर बाजारातला दर त्या मर्यादेच्या वर गेला आणि नवे लांब रोखे निघणेच थांबले. सरासरी मग जुन्या स्वस्ताईतल्या रोख्यांचीच निघत राहिली. बाजार पाच टक्क्यांपुढे गेलेला असताना धरणांचा दर सव्वातीन टक्क्यांवरच होता. हा अपघात होता की सोय, हे ज्याने त्याने ठरवावे. मतदारसंघात धरण हवे असलेल्या खासदारांची त्याबद्दल तक्रार नव्हती.

तक्रार आली अर्थतज्ज्ञांकडून. सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांच्या पुढाकाराने काँग्रेसच्या संयुक्त आर्थिक समितीपुढे सुनावण्या झाल्या. तज्ज्ञांचा मुद्दा सरळ होता: सरकार खर्च करते तो पैसा खासगी क्षेत्रातून येतो, तेव्हा तिथे त्याने जे कमावले असते ते सरकारी प्रकल्पानेही कमावून दाखवावे. १९६८च्या अखेरीस सूत्र बदलले. छापील व्याजाऐवजी रोख्यांचा बाजारातला उतारा, म्हणजे बाजारभावाने रोखा घेतल्यास मिळणारा परतावा, धरायचा ठरले आणि दर ४.६२५ टक्क्यांवर गेला. मात्र वर्षाला पाव टक्क्याहून जास्त फरक करायचा नाही, अशी मेखही मारून ठेवली. १९७२मध्ये व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने इतर बहुतेक खात्यांना १० टक्के दर लावला. जलप्रकल्प त्यातून वगळले होते.

वर्षभराने जलप्रकल्पांसाठी ६.८७५ टक्के ठरवायचा प्रयत्न झाला. काँग्रेसने १९७४च्या कायद्यात तो उलथवून पुन्हा १९६८चे सूत्र आणले. शिवाय एक सवलत दिली: १९६९च्या आरंभापूर्वी मंजूर झालेले आणि स्थानिक सहभागाची हमी वेळेत मिळालेले प्रकल्प जुन्या सव्वातीन टक्क्यांवरच मोजले जातील. म्हणजे प्रकल्पाचे भवितव्य त्याच्या मंजुरीच्या तारखेवर ठरू लागले. टेनेसी-टॉम्बिग्बी जलमार्ग हे त्याचे ठळक उदाहरण. १९४६मध्ये मंजूर झालेला, सुमारे ३७७ किलोमीटर लांबीचा हा मार्ग १९७२मध्ये खोदायला घेतला, तो १९८४च्या अखेरीस पुरा झाला. खर्च जवळपास दोन अब्ज डॉलर. त्याचे लाभ सव्वातीन टक्क्यांनीच मोजले गेले, आणि वाहतूक अंदाजाच्या कितीतरी खाली राहिली. दर चढा असता तर प्रकल्प कागदावरच अडला असता. पण वाहतुकीचा अंदाज फुगलेला होता तो दोष वेगळा, आणि दर वाढवून तो झाकणे हेही हिशेबाच्या दृष्टीने योग्य नव्हते.

आणखी एक चूक त्या काळच्या हिशेबांत सापडते. रोख्यांच्या उताऱ्यात महागाईची अपेक्षा मिसळलेली असते, तर प्रकल्पाचे लाभ स्थिर किमतीत मांडलेले असतात. असा दर अशा लाभांवर लावला की महागाई एकाच बाजूला धरली जाते आणि लाभ उगाच लहान दिसतात. जुना अहवाल तपासताना म्हणूनच आधी पाहावे की दर महागाई वगळून आहे का, आणि लाभही तसेच आहेत का.

त्या दिवसांत पर्यावरणवाद्यांना चढा दर हवा होता, कारण त्याने धरणे थांबत. पण स्नेक नदीवरच्या हेल्स कॅन्यन या दरीतल्या धरणाच्या वादात अर्थतज्ज्ञ जॉन क्रुटिला यांनी वेगळीच बाजू मांडली. धरणाच्या विजेला पर्याय स्वस्त होत जातात, त्यामुळे तिचा लाभ वर्षागणिक झिजतो. अस्पर्श दरी मात्र पुन्हा तयार करता येत नाही, म्हणून तिची किंमत चढत जाते. दोन्ही लाभ एकाच वाढीने पुढे नेणे चूक, मग दर कोणताही असो. वादातले धरण झाले नाही आणि १९७५मध्ये दरीला कायद्याचे संरक्षण मिळाले.

पुढे हवामानबदलाचा प्रश्न आला तेव्हा बाजू अदलाबदल झाल्या. २००६मध्ये ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांच्या अहवालाने साधारण १.४ टक्के दर धरला, आणि अमेरिकी अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी तो बाजारातल्या परताव्याशी जुळत नाही अशी टीका केली. शंभर वर्षांनी होणारे १०० डॉलरचे नुकसान १.४ टक्क्यांना आजचे सुमारे २५ डॉलर भरते, तर ५ टक्क्यांना ७६ सेंट. आता निसर्ग वाचवू पाहणाऱ्यांना कमी दर हवा होता.

ब्रिटनने २००३मध्ये ३.५ टक्के दर ठरवताना तो ३० वर्षांनंतर पायरीपायरीने उतरवला, कारण दूरच्या भविष्यातला दर काय असेल हेच अनिश्चित असते. अमेरिकेत नियमांच्या छाननीसाठी २००३मध्ये ३ आणि ७ टक्के असे दोन्ही दर लावून पाहण्याची पद्धत आली. २०२३मध्ये त्याऐवजी २ टक्के केले, आणि २०२५मध्ये नव्या प्रशासनाने ती सुधारणा मागे घ्यायला लावली. धरणे, कालवे आणि बंधाऱ्यांचा दर मात्र १९७४च्या कायद्यानेच, रोख्यांच्या उताऱ्यावरून, दरवर्षी वेगळा काढला जातो.