आठ मिती, तीन मैत्रिणी आणि कर्णावरचा हिशेब

गेल्या आठवड्यात आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका शिबिराची जाहिरात आली. ‘आठव्या मितीत प्रवेश, तीन दिवसांत’, फी आगाऊ. खाली दोघा-तिघांनी उत्सुकतेने चौकशीही केली होती. मला राहवलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो. मिती म्हणजे आत शिरायची खोली नव्हे. एखादी गोष्ट पूर्ण सांगायला कमीत कमी किती आकडे स्वतंत्रपणे द्यावे लागतात, ती संख्या म्हणजे मिती. अशा एका जातीच्या सगळ्या गोष्टींच्या समूहाला इथे अवकाश म्हणू. आठ मितींचं एक अवकाश तर वहीच्या एका पानावर मावतं. तेच आज उलगडून दाखवतो.

आधी एक सोपं उदाहरण. दादर, कुर्ला आणि ठाणे या तीन स्टेशनांमधल्या अंतरांचा तक्ता करा. ढोबळ मानाने दादर-कुर्ला ७ किलोमीटर, कुर्ला-ठाणे १८, दादर-ठाणे २५.

```
 ०   ७  २५
 ७   ०  १८
२५  १८   ०
```

आडव्या ओळी आणि उभे स्तंभ असलेल्या आकड्यांच्या अशा चौकटीला मॅट्रिक्स म्हणतात. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यापर्यंतची तिरकी रेघ म्हणजे मुख्य कर्ण. दादरहून ठाणे जितकं लांब, तितकंच ठाण्याहून दादर. त्यामुळे कर्णाच्या वरचा भाग खाली आरशासारखा उमटतो. अशी मॅट्रिक्स सममित. म्हणूनच असे तक्ते बऱ्याचदा त्रिकोणी छापतात, उरलेला अर्धा भाग नव्याने काहीच सांगत नाही. अंतरांच्या तक्त्यात कर्णावर शून्यं आहेत, पण सर्वसाधारण सममित मॅट्रिक्समध्ये तिथे कोणतेही आकडे चालतात. म्हणजे कर्णावरचे ३ आणि वरच्या त्रिकोणातले ३, असे ६ आकडे दिले की ३×३ची सममित मॅट्रिक्स पुरी झाली. मिती ६. n ओळींसाठी हाच हिशेब n(n+1)/2 होतो.

ही ६ मिती ज्यांच्यावर उभी राहते त्या सहा मॅट्रिक्सना आधार म्हणतात: त्यांना हव्या त्या आकड्यांनी गुणून बेरीज केली की कोणतीही सममित मॅट्रिक्स तयार होते. कर्णावरच्या एकेका जागी १ आणि बाकी सगळीकडे शून्य, असे तीन ठोकळे. उरलेले तीन जोडीचे: पहिल्या ओळीच्या दुसऱ्या जागी १ ठेवला, तर दुसऱ्या ओळीच्या पहिल्या जागीही १ हवाच. एकटा १ ठेवलात तर ती मॅट्रिक्स सममितच उरत नाही, आणि आधाराचे ठोकळे त्या अवकाशाच्या आतलेच असावे लागतात.

आता माझ्या आवडीच्या अटीकडे येतो. कर्णावरच्या आकड्यांच्या बेरजेला ट्रेस म्हणतात. ज्यांचा ट्रेस शून्य आहे अशा सगळ्या ३×३ मॅट्रिक्स घ्या. सममित असण्याची अट इथे नाही. उदाहरणार्थ ही:

```
४   ७   १
२  -९   ६
०   ३   ५
```

४, -९ आणि ५ यांची बेरीज शून्य. ‘ट्रेस शून्य’ ऐकून कित्येक जण कर्णावरचा प्रत्येक आकडाच शून्य धरतात आणि मिती ६ सांगतात. अट तशी नाही. शून्य व्हायला हवी ती फक्त बेरीज.

कर्णाबाहेरच्या सहा जागांवर कसलंच बंधन नाही, त्यामुळे तिथले सहा ठोकळे सरळ मिळतात: एका जागी १, बाकी शून्य. खरी गंमत कर्णावर आहे. परळला एका खोलीत स्वाती, रेश्मा आणि मनीषा राहतात असं समजा. किराणा, लाइटबिल, गॅस, सगळा खर्च तिघींत सारखा. महिनाअखेर स्वातीने आपल्या वाट्यापेक्षा ४०० रुपये जास्त भरलेत, रेश्माने ९०० कमी, मनीषाने ५०० जास्त. शेकड्यांत मांडलं तर ४, -९, ५. हा आपलाच कर्ण. बेरीज शून्य येणारच, कारण एकीचं येणं हेच दुसरीचं देणं.

हिशेब मिटवायचा कसा? पैशांची डबी मनीषाकडे आहे. रेश्मा मनीषाला ९०० देते, मनीषा त्यातले ४०० स्वातीला देते, आणि मनीषाकडे तिचे ५०० आपोआप उरतात. दोनच व्यवहार लागले, आणि दोन्हींत मनीषा आहे. कर्णाचे दोन ठोकळे नेमके हेच: ‘क’च्या कर्णावर १, ०, -१ आणि ‘ख’च्या कर्णावर ०, १, -१. आपला कर्ण म्हणजे ४ वेळा क आणि -९ वेळा ख. शेवटच्या जागी -४ आणि +९ येऊन ५ पडतात, ते वेगळे लिहावे लागत नाहीत. सहा आणि दोन मिळून आठ. n ओळींसाठी मिती n² - 1.

शिकवताना एक चूक मला वारंवार दिसते. विद्यार्थी म्हणतात, स्वाती आणि रेश्मा यांच्यातला थेट व्यवहार राहिला की! म्हणून ते १, -१, ० हा तिसरा ठोकळा घालतात आणि नऊ मोजतात. पण क मधून ख वजा केला की हाच ठोकळा मिळतो, म्हणजे तो नवीन नाही. चूक पकडायची आणखी एक सोपी खूण आहे. सगळ्या ३×३ मॅट्रिक्सची मिती मुळातच ९ आहे. ट्रेस-शून्य मॅट्रिक्सची मितीही ९ असती, तर प्रत्येक मॅट्रिक्सचा ट्रेस शून्य भरला असता. कर्णावर १, १, १ आणि बाकी शून्य असलेल्या एकक मॅट्रिक्सचा ट्रेस मात्र ३ आहे.

या एकक मॅट्रिक्समुळे एकच मिती का गळते तेही कळतं. कोणतीही मॅट्रिक्स घ्या. तिच्या ट्रेसचा तिसरा भाग कर्णावरच्या प्रत्येक आकड्यातून वजा करा. उरलेल्याचा ट्रेस शून्य होतो, आणि वजा केलेलं सगळं म्हणजे एकक मॅट्रिक्सची एक पट. त्या एका आकड्याखेरीज काहीच बाजूला पडलं नाही.

दोन्ही अटी एकत्र लावल्या तर? सममित आणि ट्रेस शून्य: ६ मधून १ जाऊन ५. पण प्रत्येक अटीमागे एक मिती वजा, असा नियम डोळे मिटून लावू नका. कर्णाच्या पलीकडे आकडा तोच पण चिन्ह उलटं, अशा विसममित मॅट्रिक्स घ्या. तिथे कर्णावरचा आकडा स्वतःच्याच उणे आकड्याएवढा असावा लागतो, म्हणजे शून्यच. तीन स्वतंत्र आकडे, मिती ३, आणि ट्रेस शून्य असण्याची अट लावली तरी ३च. जी अट आधीच पाळली जाते, ती काहीच कमी करत नाही.

आता जाहिरातीतल्या आठाकडे वळू. निसर्गात या आठाचं खरंखुरं ठिकाण आहे. अणुकेंद्रातल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनमध्ये क्वार्क असतात आणि ग्लुऑन त्यांना बांधून ठेवतात. क्वार्कचे ‘रंग’ तीन; हे डोळ्यांना दिसणारे रंग नव्हेत, क्वार्कच्या एका गुणधर्माला दिलेलं नाव आहे. प्रत्येक ग्लुऑन एक रंग आणि एक प्रतिरंग, म्हणजे उलटा रंग, वाहून नेतो. रंग आणि प्रतिरंग यांच्या जोड्या तीन गुणिले तीन म्हणजे नऊ व्हायला हव्यात, पण ग्लुऑन आठच आहेत. त्यांचं वर्णन करायला मरे गेल-मान यांच्या नावाच्या आठ ३×३ मॅट्रिक्स वापरतात. त्यांत संमिश्र संख्या येतात आणि आरशासारखी एक अटही असते, तरी स्वतंत्र आकड्यांची मोजणी तीच: नऊ, आणि ट्रेस शून्य असल्यामुळे त्यातून एक वजा. जो नववा गळतो तो तिन्ही रंगांना अगदी सारखं वागवणारा, म्हणजे आपली एकक मॅट्रिक्सच.