धर्म-अध्ययनातील प्रश्नांची ब्लूम-श्रेणी

धर्म-अध्ययनाच्या प्रश्नांना उत्तर देताना विद्यार्थ्याला किती विचार करावा लागतो, यानुसार त्यांची चढती श्रेणी लावण्याची पद्धत. तिचा आधार म्हणजे बेंजामिन ब्लूम यांच्या नेतृत्वाखालील समितीने 1956 मध्ये मांडलेल्या ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण आणि मूल्यमापन या सहा पातळ्या. 2001 च्या सुधारित मांडणीत मूल्यमापन पाचवे आले आणि नवनिर्मिती सर्वांत वर गेली.

मराठवाड्यापुरता एकच विषय घेऊ : हिंगोलीतील नरसीचे मानले जाणारे संत नामदेव आणि गुरू ग्रंथ साहिब. ‘ग्रंथ साहिबात नामदेवांची किती पदे आहेत?’ (61) ही निव्वळ आठवण. ‘1708 मध्ये नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथाला गुरुपद दिले, याचा अर्थ काय?’ हे आकलन. गुरुद्वाऱ्यात ग्रंथावर चौरी ढाळतात आणि रात्री तो आदराने विश्रांतीस नेतात, एवढे वर्णन देऊन ‘असे का करत असतील?’ असे विचारले की तेच आकलन नव्या प्रसंगाला लावावे लागते, हे उपयोजन.

विश्लेषणासाठी न शिकवलेले पद द्यावे. ग्रंथातल्या ‘आसा’ या रागातील एका पदात इथेही विठ्ठल, तिथेही विठ्ठल, विठ्ठलाविना जग नाही असा आशय येतो. त्यातला विठ्ठल विटेवरचा की सर्वव्यापी, हे कोणत्या शब्दांवरून ठरते ते विद्यार्थ्याने दाखवायचे.

मूल्यमापनाचा प्रश्न असा : ‘नामदेव उत्तरायुष्यात निर्गुणाकडे वळले, हे मत कितपत टिकते?’ इथे मराठी अभंग आणि ग्रंथातली पदे समोरासमोर ठेवावी लागतात. शिवाय आदिग्रंथाचे, म्हणजे ग्रंथ साहिबाच्या मूळ रूपाचे, संकलन 1604 चे, म्हणजे नामदेवांनंतर अडीचशे वर्षांचे. कोणते पद आयुष्यात कधी रचले हे त्यावरून कळत नाही, ही पुराव्याची मर्यादाही तोलावी लागते. पाच गुण असतील तर दोन पुराव्याला, दोन विरुद्ध बाजूच्या मांडणीला, एक निष्कर्ष पुराव्यातून निघतो का याला. निष्कर्ष कोणता, याला गुण नाहीत. ‘कोणता पंथ श्रेष्ठ?’ हा प्रश्न मूल्यमापनाचा मुळीच नव्हे : तो तोलायला सर्वांना मान्य असा निकष नसतो आणि वर्गातल्या मुलाला तो स्वतःच्या घराविरुद्ध उभा करतो.

सर्वाधिक फसगत क्रियापदावरून पातळी ठरवताना होते. ‘मूल्यमापन करा’ असे छापले, पण उत्तर गाइडात तयार असले, तर प्रश्न पाठांतराचाच राहतो. गठ्ठा तपासताना ते लगेच कळते : बहुतेकांच्या उत्तरांत तेच मुद्दे त्याच क्रमाने येतात. अशा वेळी प्रश्नाचे शब्द बदलून भागत नाही, उतारा नवा द्यावा लागतो.