स्टाफ नोटेशन : पाच रेघांवरचे प्राथमिक वाचन

स्टाफ नोटेशन ही पाच आडव्या रेघा आणि त्यांच्यामधल्या चार जागा यांवर खुणा मांडून स्वर लिहिण्याची पाश्चात्त्य पद्धत आहे. खूण किती उंचावर बसली आहे त्यावरून स्वर कळतो आणि खुणेच्या आकारावरून तो किती वेळ धरायचा ते कळते. रेघांवर स्वर मांडण्याची पद्धत अकराव्या शतकात ग्विदो दारेत्सो या इटालियन साधूने रूढ केली. त्याच्या रेघा चार होत्या, आज पाच असतात.

नागपुरात ही लिपी शिकायला येणाऱ्यांपैकी अनेकांचा हात आधीच पेटीवर बसलेला असतो. घरी अलंकार घोटलेले, भातखंडे पद्धतीची स्वरलिपी वाचता येते, आणि मग धरमपेठेतल्या एखाद्या कीबोर्डच्या किंवा व्हायोलिनच्या क्लासात पाच रेघांचे पुस्तक समोर येते. अशा विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘सर, याच्यात सा कुठे आहे?’ प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर असे की सा यात कुठेच लिहिलेला नसतो. सरगम स्वरांचे आपसातले नाते लिहिते. सा काळी एकला धरा की पांढरी चारला, कागदावरचे ‘ग म प’ बदलत नाही. स्टाफ मात्र पेटीची नेमकी पट्टी दाखवतो. इथे गाणाऱ्याचा सा बदलला की लिहिलेले सगळे वरखाली सरकते. ही नोंद मुख्यतः अशा पेटीवाल्या वाचकाच्या अंगाने लिहिली आहे.

पट्ट्यांची पाश्चात्त्य नावे सात : पांढरी एक म्हणजे सी, मग क्रमाने डी, ई, एफ, जी, ए, बी, आणि पुन्हा सी. रेघा नेहमी खालून मोजतात. नुसत्या पाच रेघांना मात्र काही अर्थ नसतो. ओळीच्या सुरुवातीला जी वळणदार खूण असते, जिला क्लेफ म्हणतात, ती एका रेघेला नाव देते. ट्रेबल क्लेफचा वेटोळा खालून दुसऱ्या रेघेभोवती फिरतो आणि सांगतो की ही रेघ जी, म्हणजे पांढरी पाच. बाकी सगळे तिथून मोजायचे. रेघेवरून लगतच्या जागेत गेले की एक पांढरी पट्टी पुढे, जागेतून वरच्या रेघेवर गेले की आणखी एक. म्हणजे सर्वांत खालची रेघ ई, तिच्यावरची जागा एफ, दुसरी रेघ जी. ई रेघेच्या खाली लोंबणारी खूण डी. त्याच्याही खाली, स्वतःपुरती एक आखूड जादा रेघ छेदून बसलेली खूण म्हणजे मधला सी.

पियानोच्या पुस्तकात दोन स्टाफ एकाखाली एक असतात. वरचा बहुधा उजव्या हाताचा, खालचा डाव्या हाताचा, आणि खालच्यावर बेस क्लेफ असतो. त्याचे दोन ठिपके खालून चौथ्या रेघेच्या वरखाली बसतात आणि तिला एफ ठरवतात. मधला सी वरच्या स्टाफच्या खालच्या जादा रेघेवरही लिहिता येतो आणि खालच्या स्टाफच्या वरच्या जादा रेघेवरही. पट्टी तीच. नागपूरकराला हे सांगायला बर्डीचे मेट्रो स्टेशन पुरते : नारिंगी मार्गाच्या नकाशावरही ते आहे, अॅक्वा मार्गाच्याही, पण स्टेशन एकच.

सराईत वाचणारा प्रत्येक खुणेचे नाव मनात म्हणत नाही. तो पहिल्या खुणेचे नाव ओळखतो आणि पुढे फक्त अंतर बघतो. रेघेवरून शेजारच्या जागेत म्हणजे लगतचा स्वर, रेघेवरून पुढच्या रेघेवर म्हणजे मधला एक स्वर टाकून. अलंकारात ‘सारे, रेग, गम’ आणि ‘साग, रेम, गप’ यांत जो फरक बोटांना ठाऊक आहे तोच इथे डोळ्यांना दिसतो. अलंकार पक्के असलेली मुले या बाबतीत भराभर पुढे जातात, असा शिकवणाऱ्यांचा अनुभव आहे. उलट प्रत्येक खुणेखाली पेन्सिलने सी, डी, ई लिहून ठेवणारा विद्यार्थी महिनोन्‌महिने ती अक्षरेच वाचत राहतो. अक्षरे खोडली की त्याचे वाचन थांबते, आणि हीच त्याची परीक्षा.

काळ लिहिण्याची रीत आणखी वेगळी आहे. भातखंडे पद्धतीत मात्रांचे खण आधी ठरतात आणि स्वर त्यांत बसवले जातात. स्वर लांबला तर पुढच्या खणात आडवी रेघ येते, एका मात्रेत दोन स्वर असले तर खाली चंद्रकोर. स्टाफमध्ये खण नसतात, लांबी खुणेच्या अंगावरच असते. पोकळ गोल, काडी नाही : चार मात्रा. पोकळ गोलाला काडी : दोन. भरीव गोलाला काडी : एक. त्याच काडीला शेपटी लावली की अर्धी. या चौघांना ब्रिटिश परीक्षांच्या पुस्तकांत सेमिब्रीव्ह, मिनिम, क्रॉचेट आणि क्वेव्हर म्हणतात, तर अमेरिकन पुस्तकांत होल, हाफ, क्वार्टर आणि एट्थ. अर्ध्या मात्रेच्या दोन खुणा शेजारी आल्या की शेपट्यांऐवजी काड्यांची टोके एका जाड आडव्या रेघेने जोडतात. गोलाच्या उजवीकडे टिंब दिले की त्या खुणेची लांबी निम्म्याने वाढते : एकची दीड, दोनची तीन.

दोन गोष्टी काळ दाखवत नाहीत, तरी नवख्याला तसे वाटते. काडी वर आहे की खाली, याचा लांबीशी काही संबंध नाही. मधल्या रेघेच्या खालच्या खुणांची काडी वर काढतात, वरच्यांची खाली, म्हणजे ती स्टाफबाहेर फार जात नाही. दुसरे, दोन खुणांमधली कोरी जागा. छापणारा ती सोयीने कमीजास्त करतो. खणांची सवय असलेला डोळा मोकळी जागा दिसली की थांबतो. प्रत्यक्षात थांबायचे असेल तर विश्रांतीची वेगळी खूण, रेस्ट, लिहिलेली असते. ती नसेल तर थांबायचे नाही.

क्लेफनंतर एकावर एक दोन आकडे येतात. चारावर चार असतील तर वरचा आकडा सांगतो की दर बारमध्ये चार मात्रा, आणि खालचा सांगतो की एक मात्रा म्हणजे क्रॉचेट. बार म्हणजे दोन उभ्या रेघांमधला भाग.

आता एक ओळ वाचून पाहू. बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीच्या (1824) शेवटच्या भागातली प्रसिद्ध धून जवळपास प्रत्येक प्राथमिक पुस्तकात सोपी करून दिलेली असते. पहिल्या बारमध्ये चार भरीव खुणा : दोन सर्वांत खालच्या रेघेवर, एक तिच्यावरच्या जागेत, एक दुसऱ्या रेघेवर. म्हणजे ई ई एफ जी. पांढरी एकचा सा धरला तर ‘ग ग म प’. दुसऱ्या बारमध्ये तीच वाट उलटी, जी एफ ई डी : ‘प म ग रे’. तिसऱ्यात दोन खुणा जादा रेघेवर, मग वर चढत डी आणि ई : ‘सा सा रे ग’. चारही बार मिळून सोळा मात्रा होतात, म्हणून काहींना तीनतालाचे एक आवर्तन दिसते. आकडा जुळतो, स्वभाव जुळत नाही. तिसरा बार नवव्या मात्रेवर सुरू होतो, जिथे तीनतालात खाली असते, पण बारची पहिली मात्रा जोराचीच घ्यायची असते. इथे खाली नाही.

खरा घोळ चौथ्या बारमध्ये आहे. तिथे तीनच खुणा : टिंब दिलेला क्रॉचेट ई वर, शेपटीचा क्वेव्हर डी वर, मग पोकळ मिनिम डी वर. दीड अधिक अर्धा अधिक दोन, बरोबर चार. वाजवणारा टिंब आणि शेपटी दोन्ही नजरेआड करतो आणि ‘ग रे रे –’ असे एक, एक, दोन मात्रांत वाजवतो. गंमत अशी की बेरीज तरीही चारच येते, त्यामुळे बार मोजून चूक सापडत नाही. ती सापडते हातावर टाळी देऊन, तोंडाने ‘एक-आणि-दोन-आणि’ म्हटल्यावर. ई पहिल्या ‘एक’वर सुटतो आणि ‘दोन’वरही चालूच राहतो. पहिला डी ‘दोन’नंतरच्या ‘आणि’वर पडतो, दुसरा डी ‘तीन’वर. ‘दोन’च्या टाळीवर नवा स्वर वाजला तर समजावे की टिंब सुटले.

ही धून बेथोव्हेनने मुळात सी मध्ये लिहिलेली नाही. त्याचा सा डी, म्हणजे पांढरी दोन आहे. मूळ स्थानावर छापलेल्या प्रतीत प्रत्येक खूण एकेक पायरी वर सरकलेली दिसते : एफ एफ जी ए, ए जी एफ ई. शिवाय क्लेफ आणि आकडे यांच्या मध्ये दोन शार्प खुणा उभ्या असतात. याला की सिग्नेचर म्हणतात. एक शार्प सर्वांत वरच्या, एफच्या रेघेवर, दुसरी सी वर. अर्थ असा की या ओळीत जिथे जिथे एफ येईल तिथे पांढरी चार न वाजवता तिच्या उजवीकडची काळी तीन वाजवायची. नवखा इथे दोनदा अडखळतो. शार्प वरच्या रेघेवर छापली म्हणून तो फक्त तिथल्याच एफला ती लावतो, धून मात्र खालच्या जागेतल्या एफने सुरू होते. खूण सगळ्या सप्तकांतल्या एफला लागू असते. दुसरे, खूण ओळीच्या आरंभी एकदाच असते, प्रत्येक एफपाशी पुन्हा येत नाही, म्हणून दोन बारनंतर तिचा विसर पडतो.

पेटीवाल्याला ही चूक कानाने लगेच कळते. पांढरी दोनच्या सा वर पांढरी चार म्हणजे कोमल गंधार. आनंदी धून अचानक काफीसारखी वाटू लागली, तर की सिग्नेचर विसरलो हे ओळखावे. सरगममध्ये ही ओळ दोन्ही प्रतींत ‘ग ग म प’ अशीच लिहिली गेली असती.

एखाद्याच स्वराला शार्प किंवा फ्लॅट करायचे, म्हणजे काळ्या-पांढऱ्या धरून एक पट्टी वर किंवा खाली न्यायचे असेल तर खूण थेट त्याच्या डावीकडे देतात, आणि ती त्या बारच्या शेवटापर्यंत चालते. पुढच्या उभ्या रेघेनंतर ती आपोआप उतरते. आधीच उतरवायची असेल तर नॅचरलची खूण लागते.

स्टाफवरून न कळणाऱ्या गोष्टीही आहेत. खुणांचे आकार फक्त एकमेकांच्या तुलनेत लांबी सांगतात. क्रॉचेट प्रत्यक्षात किती सेकंदांचा, हे ओळीवर लिहिलेल्या लयीच्या सूचनेवरून ठरते, जसे क्रॉचेट म्हणजे मिनिटाला साठ. मींड दोन खुणांमधल्या तिरक्या रेघेने सुचवता येते, पण ती कोणत्या श्रुतीवर रेंगाळली हे लिहिता येत नाही. आणि वाद्य बदलले तर लिहिलेली पट्टीही फसवते. वरातीच्या बँडातल्या साध्या ट्रम्पेटवर किंवा क्लॅरिनेटवर सी वाचून वाजवला की ऐकू येतो बी फ्लॅट, म्हणजे काळी पाच. त्यामुळे कीबोर्डचा कागद ट्रम्पेटवाल्यापुढे तसाच ठेवून दोघांनी मिळून वाजवले, तर दोघांनीही बिनचूक वाचलेले असते आणि तरी सूर लागत नाही. ट्रम्पेटच्या कागदावर सगळे एक पूर्ण स्वर, म्हणजे काळ्या-पांढऱ्या धरून दोन पट्ट्या, वर चढवून लिहावे लागते.