इम्युनोग्लोब्युलिन : रचना व वर्ग

रक्तद्रवात आणि शरीराच्या स्रावांत आढळणारे, विशिष्ट प्रतिजनाला, म्हणजे प्रतिकार जागवणाऱ्या पदार्थाला, चिकटणारे ग्लायकोप्रथिन. बी लसीका पेशींपासून बनलेल्या प्लाझ्मा पेशी ते स्रवतात. यालाच प्रतिपिंड म्हणतात.

रचनेचा उलगडा दोन वाटांनी झाला. रॉडनी पोर्टर यांनी १९५८-५९ च्या सुमारास सशाच्या प्रतिपिंडावर पपईच्या चिकातील पपेन हे विकर वापरले, तेव्हा रेणूचे तीन तुकडे झाले. त्यांतले दोन प्रतिजनाला चिकटत. तिसरा चिकटत नसे, पण त्याचे स्फटिक सहज बनत. पोर्टर यांना सुरुवातीला सगळा रेणू एकाच लांब शृंखलेचा वाटला होता. जेरल्ड एडेलमन यांनी डायसल्फाइड बंध तोडून त्यात अनेक शृंखला असल्याचे दाखवले. दोन जड व दोन हलक्या शृंखलांची, इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी मांडणी पुढे मान्य झाली आणि १९७२ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. चौ-शृंखला प्रतिकृतीचे श्रेय मुख्यतः पोर्टर यांना देणे अधिक योग्य वाटते.

दोन्ही भुजांच्या टोकांशी जड व हलक्या शृंखलांचे परिवर्ती भाग मिळून प्रतिजन पकडण्याची जागा बनते. काय पकडायचे हे भुजा ठरवतात आणि पकडल्यावर काय करायचे हे जड शृंखलांचे शेपूट ठरवते. आयजीजी, आयजीएम, आयजीए, आयजीई व आयजीडी हे इम्युनोग्लोब्युलिनचे पाच वर्ग या शेपटावरूनच पडतात.

याचा प्रत्यय गरोदरपणात येतो. वारेतल्या पेशींवरील ग्राही आयजीजीचे शेपूट धरून ते गर्भाकडे पोचवतात. आयजीएम पाच रेणूंची जुडी असते. हे ग्राही तिला धरत नाहीत, म्हणून ती मातेकडेच राहते. ए व बी रक्तगटांविरुद्धची नैसर्गिक प्रतिपिंडे बहुतांशी आयजीएम असल्याने गर्भाला सहसा गंभीर इजा करत नाहीत. आरएच-ऋण मातेचे मात्र वेगळे. पहिल्या प्रसूतीत आरएच-धन बाळाच्या तांबड्या पेशी तिच्या रक्तात आल्या, तर पुढच्या खेपेला तिची आयजीजी प्रतिपिंडे वार ओलांडून दुसऱ्या आरएच-धन बाळाच्या तांबड्या पेशी नष्ट करतात. प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत दिलेले अँटी-डी इंजेक्शन तिच्या शरीरात ही प्रतिपिंडे बनणेच टाळते. आयजीजी वार ओलांडते, आयजीएम ओलांडत नाही, या फरकामुळे नवजाताच्या रक्तातील विशिष्ट आयजीजी मातेची असू शकते. आयजीएम मात्र बाळाची स्वतःची, म्हणजे गर्भावस्थेतच संसर्ग झाल्याची खूण मानतात. नाळेचे रक्त घेताना त्यात मातेचे रक्त मिसळले, तर हा निष्कर्ष फसतो.

नव्या संसर्गात आयजीएम प्रथम वाढते. दहा बंधनस्थाने असल्याने ती रक्तातील जंतुनाशक पूरक प्रथिने प्रभावीपणे जागी करते. स्रावी आयजीए दोन रेणूंची असून अश्रू, लाळ, चीक-दूध व आतड्याच्या श्लेष्मल स्तरावर काम करते. आयजीई रक्तात अत्यल्प असते. तिचे शेपूट मास्ट पेशींवर घट्ट बसलेले असते. परागकणासारखा प्रतिजन शेजारच्या दोन आयजीईंना जोडतो तेव्हा हिस्टामीन सुटून शिंका, गांधी किंवा दमा उद्भवतो. जंतांविरुद्धच्या प्रतिकारातही ती भाग घेते.

आयजीडी १९६५ मध्ये मायलोमा या प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या प्रथिनावरून ओळखले गेले. अजून प्रतिजनाशी गाठ न पडलेल्या बी पेशींच्या पृष्ठभागावर ते आयजीएमच्या जोडीने ग्राही म्हणून असते. रक्तद्रवातील त्याच्या कार्याबद्दल एकमत नाही.