९८५ जीआरपी आणि तरी २६ हजार माणसं कोरडी: रीच आणि जीआरपी यांतला फरक

एजन्सीच्या सादरीकरणात शेवटच्या पानावर एक आकडा ठळक छापलेला असतो: एकूण जीआरपी, म्हणजे ग्रॉस रेटिंग पॉइंट, इतके. समोर बसलेला दुकानदार किंवा डीलर तो आकडा टक्क्यांसारखा वाचतो. शंभरच्या वर गेलाय म्हणजे अख्ख्या गावात पोचलो, असा त्याचा समज होतो. गोंधळ होणं साहजिक आहे, कारण रीच आणि जीआरपी दोन्ही टक्क्यांतच मोजतात आणि दोन्ही एकाच लोकसंख्येवर काढतात. पण रीच माणसं मोजतो आणि जीआरपी जाहिरात समोर येण्याच्या वेळा मोजतो. एकच माणूस दहा वेळा समोर आला तर रीचमध्ये तो एकदाच धरला जातो, जीआरपीमध्ये दहादा. म्हणून रीच शंभराच्या वर कधीच जात नाही आणि जीआरपीला वरची मर्यादाच नाही.

या दोघांना जोडते ती फ्रिक्वेन्सी, म्हणजे पोचलेल्या माणसाच्या वाट्याला जाहिरात सरासरी किती वेळा आली ते. हिशेब एका ओळीत बसतो:

रीच (टक्के) × सरासरी फ्रिक्वेन्सी = जीआरपी

उदाहरण कोल्हापूरचं घेऊ. समजा एका दुचाकी डीलरला गुढीपाडव्याच्या आधी तीन आठवडे जाहिरात करायची आहे. पाडव्याच्या मुहूर्तावर गाडी घरी आणायची प्रथा असल्यामुळे त्याचं वर्षातलं मोठं बुकिंग याच दिवसांत होतं. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती. त्यातले गाडी घेण्याच्या वयाचे आणि ऐपतीचे २ लाख लोक आपला टीजी, म्हणजे टार्गेट ग्रुप, असं धरू. इथून पुढचे सगळे आकडे हिशेबासाठी मानलेले आहेत. १ जीआरपी म्हणजे टीजीच्या एक टक्क्याइतक्या वेळा, इथे टीजी २ लाखांचा असल्यामुळे २,००० वेळा, जाहिरात समोर येणं.

रेडिओवर १५ दिवस रोज १० असे १५० स्पॉट घेतले. प्रत्येक स्पॉट टीजीतले सरासरी ३,००० जण ऐकतात, म्हणजे एकूण साडेचार लाख वेळा जाहिरात कानावर पडली. हे झाले २२५ जीआरपी. पण ऐकणारी वेगवेगळी माणसं ९०,००० च, म्हणजे रीच ४५ टक्के आणि फ्रिक्वेन्सी ५. शहरात सहा होर्डिंग लावली. त्यांचा रीच ६० टक्के, फ्रिक्वेन्सी १०, म्हणून ६०० जीआरपी. मोबाइलवरच्या जाहिरातीला ३,२०,००० इम्प्रेशन मिळाली, म्हणजे ती तितक्या वेळा दिसली, आणि ८०,००० माणसांपर्यंत ती गेली. रीच ४० टक्के, फ्रिक्वेन्सी ४, जीआरपी १६०.

आता बेरीज करू. जीआरपी सरळ मिळवता येतात: २२५, ६०० आणि १६० मिळून ९८५. रीच तसाच मिळवला तर ४५, ६० आणि ४० मिळून १४५ टक्के येतो, आणि हे अशक्य आहे. सकाळी रेडिओ ऐकत निघालेला माणूसच रस्त्यात होर्डिंग पाहतो आणि दुपारी डबा खाताना मोबाइलवर तीच जाहिरात त्याच्यापुढे येते. त्याला तीनदा मोजून चालणार नाही. माध्यमांचे प्रेक्षक एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं मानलं, तर हिशेब उलट बाजूने करतात, म्हणजे कोण सुटलं ते आधी काढतात. रेडिओने ५५ टक्के लोक सोडले, होर्डिंगने ४० टक्के, डिजिटलने ६० टक्के. तिन्हींतून सुटलेले म्हणजे ०.५५ × ०.४० × ०.६०, म्हणजे १३.२ टक्के. उरलेले ८६.८ टक्के हा एकत्रित रीच. माणसांत सांगायचं तर १,७३,६०० जणांपर्यंत जाहिरात पोचली आणि २६,४०० जणांना ती एकदाही दिसली वा ऐकू आली नाही. ९८५ ला ८६.८ ने भागलं की सरासरी फ्रिक्वेन्सी ११.३ च्या आसपास येते.

हे गणितही थोडं उदारच आहे. रोज घराबाहेर पडणारी माणसं रेडिओही जास्त ऐकतात आणि होर्डिंगही जास्त पाहतात, त्यामुळे प्रत्यक्षात एकाच माणसावर पुन्हा पुन्हा जाहिरात पडण्याचं प्रमाण अधिक असतं. खरा रीच ८६.८ पेक्षा कमी आणि फ्रिक्वेन्सी त्या मानाने जास्त निघते.

यातला सर्वांत मोठा आकडा, होर्डिंगचे ६०० जीआरपी, जवळून पाहण्यासारखा आहे. समजा सहाही होर्डिंग तावडे हॉटेल ते कावळा नाका या एकाच रस्त्यावर घेतली. वर्दळ भरपूर असल्यामुळे जीआरपी झटपट जमतात. पण शिरोली एमआयडीसीत रोज ये-जा करणारा तोच माणूस सहाही होर्डिंगखालून सकाळ-संध्याकाळ जातो. अशा मांडणीत रीच ३० टक्के आणि फ्रिक्वेन्सी २० निघू शकते. त्याऐवजी एक होर्डिंग कावळा नाक्याला ठेवलं आणि बाकीची राजारामपुरी, रंकाळा, फुलेवाडी, कसबा बावडा आणि विद्यापीठ रस्ता अशी वाटली, तर रीच ६० आणि फ्रिक्वेन्सी १० होऊ शकते. दोन्हीकडे जीआरपी ६०० च. एजन्सीच्या पानावर दोन्ही योजना सारख्याच दिसतील, पण दुसरीत ६०,००० माणसं जास्त आहेत. माझ्या मते छोट्या शहराच्या कॅम्पेनमध्ये नकाशा हातात घेऊन होर्डिंगच्या जागा तपासणं हे दरावर घासाघीस करण्यापेक्षा जास्त पैसे वाचवतं.

होर्डिंगच्या जीआरपीबद्दल आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. तिथे मोजली जाते ती दिसण्याची संधी. समोरून गेलेला प्रत्येक जण पाहिलेला धरला जातो, मग तो खड्डा चुकवत का असेना. रेडिओचा जीआरपीही ऐकलं असेल असं मानूनच काढतात, आणि लहान शहरांत तो बहुधा स्टेशनच्या स्वतःच्या पाहणीवर उभा असतो. डिजिटलमध्ये इम्प्रेशन यंत्रच मोजतं, पण अंगठा पुढे सरकवून गेलेलाही त्यात येतो. म्हणून तिन्हींचे जीआरपी मिळवता येत असले तरी एक जीआरपी सगळीकडे सारख्याच वजनाचा नसतो. आकडा कुठल्या काळाचा आहे, हेही विचारून घ्यावं. अमेरिकेत पूर्वी होर्डिंगचे जीआरपी एका दिवसाचे सांगायची पद्धत होती, आपण इथे तीन आठवड्यांचे धरले आहेत. हे दोन्ही एका तक्त्यात शेजारी ठेवले की तुलना तिथेच फसते.

फ्रिक्वेन्सीतला सापळा वेगळा आहे. ती सरासरी असते, आणि सरासरीमागे माणसं फार असमान वाटली गेलेली असतात. डिजिटलची फ्रिक्वेन्सी ४ आहे. पोचलेल्यांपैकी दहा जण घेतले तर त्यांना मिळून ४० वेळा जाहिरात दिसली. प्रत्यक्षात असं होतं की सतत मोबाइलवर असणाऱ्या दोघांना ती १३-१३ वेळा दिसते. उरलेल्या आठांपैकी चौघांना एकेकदा, दोघांना दोनदोनदा आणि दोघांना तीनतीनदा. बेरीज ४० च. पण निदान तीनदा पाहिलेले दहांत चारच. म्हणजे ८०,००० पैकी ३२,०००, आणि टीजीच्या हिशेबात ४० टक्क्यांचे झाले १६ टक्के. याला तीन-प्लसचा रीच म्हणतात, आणि सरासरी फ्रिक्वेन्सीपेक्षा तो कितीतरी अधिक सांगतो.

तीनच का, हा प्रश्न जुना आहे. हर्बर्ट क्रुगमन यांनी १९७२ मध्ये मांडलं की पहिल्या वेळी माणूस ‘हे काय आहे’ असं विचारतो, दुसऱ्या वेळी ‘याचं मला काय’, आणि तिसऱ्या वेळेपासून पुढे आठवण होत राहते. धंद्यात त्याचा सरसकट ‘किमान तीनदा’ असा नियम होऊन बसला. तो डोळे झाकून वापरू नये. गावात वर्षानुवर्षं नाव असलेल्या डीलरला ‘पाडव्याचं बुकिंग सुरू’ हे एकदा कळवलं तरी पुरतं. नव्याने शोरूम उघडणाऱ्याला तीनवर भागणार नाही.

या १३-१३ वेळा पाहणाऱ्या दोघांवर दहांतल्या ४० पैकी २६ इम्प्रेशन खर्च झाली. डिजिटलमध्ये यावर इलाज आहे. जिथे सोय असेल तिथे एका माणसाला आठवड्यात किती वेळा जाहिरात दाखवायची यावर मर्यादा घालता येते. तशी घातली की तेवढ्याच इम्प्रेशनमध्ये नवी माणसं येतात. रेडिओ आणि होर्डिंगला हा नळ नाही. तिथे स्पॉटच्या वेळा आणि होर्डिंगच्या जागा बदलूनच काम करावं लागतं. म्हणूनच रात्री अकरानंतरचे ‘फुकट’ दिलेले बोनस स्पॉट तपासून घ्यावेत. जीआरपी त्यांनी वाढतात, पण तेव्हा ऐकणारे बरेचसे तेच मोजके श्रोते असतील तर रीच जेमतेम हलतो.

डिजिटलच्या अहवालात एक चूक वारंवार सापडते. पहिल्या आठवड्याचा रीच ५०,०००, दुसऱ्याचा ४८,०००, तिसऱ्याचा ४५,००० असं लिहून खाली एकूण रीच १,४३,००० दाखवलेला असतो. आठवडा बदलला म्हणून माणूस नवा होत नाही. पूर्ण तीन आठवड्यांची तारीख टाकून अहवाल काढला की खरे ८०,००० दिसतात. चुकीच्या बेरजेने आणखी एक नुकसान होतं: ३,२०,००० ला १,४३,००० ने भागून फ्रिक्वेन्सी २.२ येते, ती कमी वाटते, आणि ४ वर असलेल्या कॅम्पेनमध्ये डीलर अजून पैसे ओततो. या अहवालातले ८०,००० सगळे आपल्या टीजीतले आहेत का, हेही पाहावं लागतं. शहरात नुकतेच येऊन गेलेल्यांनाही जाहिरात दाखवण्याची सेटिंग चालू राहिली, तर अंबाबाईच्या दर्शनाला येऊन परत गेलेले भाविकही रीचमध्ये धरले जातात. ते कोल्हापुरात गाडी बुक करणार नाहीत. अशी माणसं वजा न करता २ लाखांनी भागलं की रीचही फुगतो आणि जीआरपीही.

रीच हवा की फ्रिक्वेन्सी, हे कॅम्पेनच्या आठवड्यावरही ठरतं. पाडव्याला तीन आठवडे असताना बहुतेकांचं अजून कुठली गाडी घ्यायची हेच ठरलेलं नसतं. तेव्हा जास्तीत जास्त लोकांना ‘या शोरूमला हे मॉडेल, एवढी सूट’ इतकं एकदा कळणं पुरेसं आहे. शेवटच्या पाच दिवसांत कर्जाची कागदपत्रं आणि मुहूर्तावर गाडी मिळेल का याची चौकशी चालू असते, तेव्हा पुन्हा पुन्हा कानावर पडणं उपयोगाचं. १५० स्पॉटची रोज दहा अशी सपाट वाटणी करण्याऐवजी पहिल्या दहा दिवसांत रोज सात, दिवसभरात विखरून, आणि शेवटच्या पाच दिवसांत रोज सोळा, सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी असे लावता येतात. स्पॉट तेवढेच राहतात आणि २२५ जीआरपीही साधारण तेवढेच. गर्दीच्या वेळेचा दर जास्त असल्याने बिल थोडं वाढेल, आणि तो फरक आधी सांगितलेली मर्यादा घालून डिजिटलची इम्प्रेशन थोडी कमी घेतली तर वाचणाऱ्या पैशातून भरून काढता येईल.