अटकपूर्व जामीन: ४८ तासांची धास्ती आणि ‘सहकार्य’ नावाची अट

समजा, तहसील कचेरीतल्या नाझराच्या रोखवहीत तूट निघाली. नायब तहसीलदारांनी शुक्रवारी दुपारी फिर्याद दिली आणि लोकसेवकाने केलेल्या अपहाराचा गुन्हा दाखल झाला. त्या संध्याकाळी अटक झाली, शनिवारी सुटीच्या कोर्टापुढे उभं केलं आणि तीन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली, तर सोमवार उजाडण्याआधीच त्याच्या नोकरीवर घाव पडलेला असतो. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधल्या नियम ४ प्रमाणे ४८ तासांपेक्षा जास्त काळ कोठडीत राहिलेला कर्मचारी निलंबित झाला असं मानलं जातं. याला मानीव निलंबन म्हणतात. पैसे खरोखर त्यानेच खाल्ले, की पावत्या नोंदवायच्या राहून गेल्या, हा प्रश्न तोवर कुणी विचारलेलाही नसतो.

म्हणूनच असा माणूस फिर्यादीची कुणकुण लागताच वकील गाठतो. अटकेनंतर जामीन मिळतोच की, हे म्हणणं कायद्याने बरोबर आहे. पण अटक आणि तो जामीन यांच्यात जे दिवस जातात, त्यांतच सगळं नुकसान होतं. लोक अटकपूर्व जामीन मागतात तो या मधल्या दिवसांसाठी.

१८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत अशी सोय नव्हती. आपल्या अंगभूत अधिकारात असा आदेश देता येतो का, यावर उच्च न्यायालयांत मतभेद होते आणि बहुतेकांचा कल ‘नाही’ असाच होता. १९६९ साली विधी आयोगाने ४१व्या अहवालात ही तरतूद सुचवली. आयोगाचं कारण थेट राजकीय होतं: वजनदार माणसं प्रतिस्पर्ध्यांना खोट्या गुन्ह्यात गुंतवून काही दिवस आत टाकतात, त्यांची बदनामी करतात, आणि राजकीय चुरस वाढल्यापासून हा प्रकारही वाढतो आहे. १९७२च्या ४८व्या अहवालात आयोगाने सावधगिरीही सुचवली. सुरुवातीचा आदेश अंतरिम असावा आणि सरकारी वकिलाला नोटीस देऊनच अंतिम आदेश व्हावा. तेव्हा आयोगाचे अध्यक्ष न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर होते. नवी संहिता १ एप्रिल १९७४ला लागू झाली आणि तिच्यात कलम ४३८ आलं. गंमत अशी की ‘अटकपूर्व जामीन’ हे शब्द कलमाच्या मजकुरात नव्हतेच. कलम म्हणत होतं एवढंच, की अटक झालीच तर या माणसाला जामिनावर सोडा. म्हणजे आदेश आज होतो, पण जागा होतो तो अटकेच्या क्षणी. आणीबाणीत उत्तर प्रदेशाने हे कलम आपल्या राज्यापुरतं काढूनच टाकलं आणि ते परत यायला २०१९ उजाडलं.

या कलमाचा खरा अर्थ लागला तो गुरबक्षसिंग सिबिया खटल्यात. सिबिया हे पंजाबच्या काँग्रेस मंत्रिमंडळातले मंत्री. त्यांच्यावर भ्रष्टाचाराचे आरोप होते. १९७७ साली पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने अर्ज फेटाळताना कलमाभोवती अटींचं कुंपणच घातलं होतं. ९ एप्रिल १९८० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ते काढलं. निकाल सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिला. संसदेने ज्या अटी लिहिल्या नाहीत त्या न्यायालयाने कलमात घुसडू नयेत, हा त्याचा गाभा. गुन्हा दाखल झालेला असलाच पाहिजे असं नाही; पण नुसती धाकधूक पुरत नाही, अटक होईल असं मानायला दाखवता येण्याजोगं कारण हवं. शिवाय ‘कुठल्याही गुन्ह्यात अटक करू नका’ असा सरसकट आदेशही मिळत नाही.

तरी एक गाठ सुटली नाही: हा जामीन टिकतो किती दिवस? १९९०च्या दशकाच्या मध्यात महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की तो मर्यादित काळापुरताच द्यावा, मग आरोपीने नेहमीच्या कोर्टात जाऊन नियमित जामीन मागावा. कागदावर हे साधं दिसतं. प्रत्यक्षात मुदत संपली की माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर येई. डिसेंबर २०१०मध्ये अक्कलकोटचे तेव्हाचे काँग्रेस नेते सिद्धाराम म्हेत्रे यांच्या प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी सांगितलं, की अशी मुदत घालणं सिबिया निकालाच्या विरुद्ध आहे. पुढे परस्परविरोधी निकाल येत राहिले आणि शेवटी २९ जानेवारी २०२०ला सुशीला अग्रवाल प्रकरणात घटनापीठाने निर्णय दिला: साधारणपणे मुदत नाही, दोषारोपपत्र आलं म्हणून जामीन संपत नाही, खटला संपेपर्यंत तो चालू राहू शकतो. विशेष परिस्थिती असेल तर मात्र न्यायालय मर्यादा घालू शकतं. १ जुलै २०२४पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२मध्ये आहे.

आता नाझराकडे परत येऊ. मॅजिस्ट्रेटला हा अधिकार नसल्याने अर्ज सत्र न्यायालयात जातो. पहिल्या दिवशी मागायचं ते अंतरिम संरक्षण. न्यायालय तपास अधिकाऱ्याचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं. त्यात हमखास एक वाक्य असतं: आरोपीची कोठडीत चौकशी करणे आवश्यक आहे. सगळा अर्ज या वाक्यावर तोलला जातो. रोखवही, पावतीपुस्तकं आणि बँकेचे उतारे पंचनाम्याने जप्त झाले असतील, तर कोठडीतून आणखी काय निघणार, याचं उत्तर सरकारी वकिलाला द्यावं लागतं. उलट एखादं पावतीपुस्तक गायबच असेल आणि ते शेवटचं नाझराच्याच ताब्यात होतं असं दिसत असेल, तर अर्ज अवघड होतो. अनेक वकील अर्जात निर्दोषत्वावर पानंच्या पानं लिहितात आणि या एका प्रश्नाला दोन ओळीही देत नाहीत. तिथेच अर्ज पडतो.

अर्ज मंजूर झाला तर अटी येतात. ठरावीक रकमेचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा जामीनदार. बोलावल्यावर चौकशीला हजर राहणं, साक्षीदारांना आमिष वा धमकी न देणं आणि परवानगीशिवाय देश न सोडणं, या अटी कलमातच सुचवलेल्या आहेत. त्यावर न्यायालय प्रकरण बघून भर घालतं: दर सोमवारी ११ ते १ पोलीस ठाण्यात हजेरी, पासपोर्ट जमा करणं, नाझराच्या बाबतीत कदाचित त्या कचेरीच्या अभिलेखापासून दूर राहणं. तुटीची रक्कम भरतो, मला सोडा, असं सांगायचा मोह नाझराला होतोच. पण जामिनाचं कोर्ट हे वसुलीचं कोर्ट नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये बजावलं आहे.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती ‘तपासात सहकार्य’ या अटीवरून. नाझर चार वेळा ठाण्यात गेला, विचारलेल्या सह्या ओळखल्या, पण पैसे घेतल्याचं नाकारत राहिला. तपास अधिकारी अहवाल देतो: आरोपी सहकार्य करत नाही, जामीन रद्द करावा. २०१७ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यावर स्पष्ट सांगितलं आहे, की गुन्हा कबूल केला नाही म्हणजे सहकार्य केलं नाही असं होत नाही. म्हणून जुने वकील अशिलाला सांगतात, की ठाण्यात प्रत्येक वेळी हजेरीची लेखी पोच घ्या, दिली नाही तर त्याच दिवशी रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवा. रद्द करण्याचा अर्ज आला की हेच कागद कामाला येतात.

आणि अटक? पुष्कळदा तीही होते. नाझर आदेशाची प्रत घेऊन ठाण्यात जातो, अटकेचा पंचनामा होतो, जातमुचलक्यावर सही होते, जामीनदाराचा सातबारा आणि आधार तपासलं जातं. स्टेशन डायरीत अटक आणि सुटका यांच्या नोंदी एकाखाली एक पडतात, मध्ये तासाभराचं अंतर. ४८ तासांचा नियम त्याला लागत नाही.